विश्लेषण : ‘ही बॅच विकू नका’ एवढ्याने औषध परत येते का?

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. रविवारी घाऊक औषध विक्रेत्यांची दुकाने सहसा बंद असतात. नेमक्या त्याच दिवशी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, राज्यातील सर्व परवानाधारक औषध विक्रेत्यांसाठी आणि नागरिकांसाठी तातडीची सूचना काढली. सूचना एका सर्दीच्या सिरपबद्दल होती. नाव ‘कोल्ड्रिफ’, बॅच क्रमांक SR-13, उत्पादन मे २०२५, वापराची मुदत एप्रिल २०२७, उत्पादक तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातली स्रेसन फार्मा. या बॅचची विक्री, वितरण आणि वापर तात्काळ थांबवा आणि साठा असेल तर औषध नियंत्रण अधिकाऱ्यांना कळवा, असे तिच्यात म्हटले होते. सोबत संपर्काचा निःशुल्क क्रमांक होता.

अशी सूचना बातमीत आपण दोन ओळींत वाचतो आणि पुढे सरकतो. पण त्या दोन ओळींवर किती मुलांच्या पोटात ते औषध जाणार, हे ठरत असते. सूचनेत काय असावे लागते, वितरकाने ती हाती पडल्यावर काय करायचे असते आणि एवढे करूनही काही बाटल्या का निसटतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

सूचना काढण्याची वेळ का आली?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मुले दगावू लागली. साधा ताप, सर्दी, खोकला म्हणून औषध सुरू झाले आणि काही दिवसांत लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. यातल्या अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत हलवण्यात आले होते. एकूण बळींची संख्या पुढे वीसच्या वर गेली. आजारी मुलांना दिलेल्या औषधांत कोल्ड्रिफ हे नाव पुन्हा पुन्हा येत होते.

तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने सणाच्या सुट्टीतही कारखान्यातून नमुने घेऊन तपासले. SR-13 या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. म्हणजे १०० मिलिलिटर सिरपमध्ये जवळपास ४९ ग्रॅम विष. एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे २.४ ग्रॅम. या रसायनाची औषधातील सहन करण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का मानली जाते.

हे रसायन औषधात येते कुठून? पातळ औषधात मूळ घटक विरघळवण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. हे द्रव औषधी दर्जाचे घ्यावे लागतात आणि प्रत्येक पिंप वापरण्याआधी तपासावे लागते. डायएथिलीन ग्लायकॉल हे त्यांच्याचसारखे दिसणारे, पण उद्योगात वापरले जाणारे रसायन. औद्योगिक दर्जाचा द्रव वापरला आणि तपासणी टाळली, की विष थेट बाटलीत उतरते.

बॅच क्रमांकालाच एवढे महत्त्व का?

कारण या विषाला ओळखण्याची दुसरी कोणतीही खूण दुकानात उपलब्ध नसते. डायएथिलीन ग्लायकॉलला रंग नाही, उग्र वास नाही, चव गोडसर. सिरपही गोडच. बाटली हलवून, उजेडात धरून किंवा चाखून काही कळत नाही. ते कळते फक्त प्रयोगशाळेत. त्यामुळे प्रयोगशाळेने दिलेला निष्कर्ष आणि दुकानाच्या फळीवरची बाटली यांना जोडणारा एकच धागा उरतो, तो म्हणजे बाटलीवर छापलेला बॅच क्रमांक.

बॅच म्हणजे एकाच वेळी, एकाच मिश्रणातून तयार झालेला माल. टाकीत एकदा सिरप तयार झाले, की त्यातून भरलेल्या सर्व बाटल्यांना एकच क्रमांक मिळतो. म्हणून एक बाटली सदोष निघाली, तर त्या क्रमांकाच्या सगळ्याच बाटल्या संशयित ठरतात. उलट, शेजारच्या क्रमांकाच्या बाटल्या आपोआप निर्दोष ठरत नाहीत. द्रावकाचे तेच पिंप आधीच्या किंवा नंतरच्या बॅचलाही वापरले गेले असेल, तर तिथेही तेच विष असू शकते. म्हणूनच पहिल्या सूचनेनंतर दुसरी, अधिक व्यापक सूचना येऊ शकते, आणि वितरकाने पहिली मिळाल्यावर फाइल बंद करायची नसते.

चांगल्या सूचनेत बॅच क्रमांक एकटा कधीच नसतो. औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत ही पाचही माहिती एकत्र दिलेली असते. यामागे साधे कारण आहे. SR-13 असा क्रमांक दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या, दुसऱ्याच औषधावरही असू शकतो. शिवाय फोनवर सांगताना १३ चे ३० होते, घाईत टाइप करताना अक्षर बदलते. पाचपैकी चार गोष्टी जुळल्या आणि एक जुळली नाही, तर वितरकाने बाटली विक्रीला मोकळी करायची नाही. ती बाजूला ठेवून विचारायचे. शंका फिटेपर्यंत माल थांबलेला बरा.

आणखी एक बारकावा. क्रमांक तीन ठिकाणी असतो : मोठ्या खोक्यावर, आतल्या छोट्या पुठ्ठ्याच्या डबीवर आणि बाटलीच्या लेबलवर. गोदामात बरेचदा फक्त खोके वाचले जाते. पण फोडलेल्या खोक्यात परत आलेला सुटा माल टाकलेला असतो, दोन बॅच एकत्र झालेल्या असतात. म्हणून फोडलेल्या खोक्यातली प्रत्येक बाटली हातात घेऊन वाचावी लागते.

सूचना आल्यावर वितरकाने काय करायचे?

आधी एक भेद लक्षात घेऊ. उत्पादकाला स्वतःलाच दोष कळला आणि त्याने माल परत मागवला, तर ती स्वेच्छेने केलेली माघार. सरकारी यंत्रणेने आदेश दिला, तर ती कायदेशीर सक्तीची माघार. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत धोक्यानुसार तीन वर्ग केले आहेत. जिवाला गंभीर धोका असेल तर पहिला वर्ग. त्यात विक्री २४ तासांच्या आत थांबली पाहिजे आणि माल प्रत्यक्ष ताब्यात येण्याचे काम जास्तीत जास्त ७२ तासांत संपले पाहिजे. दुसऱ्या वर्गाला दहा दिवस, तिसऱ्याला तीस दिवस. लेबलवरची किरकोळ चूक आणि सिरपमधले विष यांना एकच घाई लागत नाही, म्हणून ही उतरंड.

पहिल्या वर्गातली सूचना हाती आली, की पहिले काम गोदामात नाही, संगणकावर आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ती बॅच रोखायची, म्हणजे काउंटरवरच्या मुलाने चुकून घातली तरी बिल बनणार नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते आधी केले नाही, तर मालक खोकी शोधत असताना पुढच्या दाराने तोच माल बाहेर जातो. वाटेत असलेल्या गाडीतल्या मालाचा विचारही याच वेळी करायचा. सकाळी निघालेल्या डिलिव्हरी बॉयला फोन करून ती पार्सले परत आणायची.

दुसरे काम माल वेगळा करण्याचे. सापडलेल्या सर्व बाटल्या मोजून, कुलूपबंद जागेत ठेवायच्या आणि वर मोठ्या अक्षरांत ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहायचे. इथे एक चूक सर्रास होते. हा माल मुदतबाह्य आणि फुटक्या मालाच्या पोत्यात टाकला जातो, कारण परत पाठवायचा माल म्हटले की दुकानात तीच सवय असते. ते पोते मग ट्रान्सपोर्टने कुठेतरी जाते, वाटेत फुटते, कधी त्यातला माल परत बाजारात फिरतो. सदोष बॅचचा माल हा पुरावाही असतो. औषध निरीक्षक त्यातून नमुने घेऊ शकतो, तो माल हलवू नये असा लेखी आदेश देऊ शकतो. म्हणून तो नाल्यात ओतायचा नाही, फोडायचा नाही, परस्पर परतही पाठवायचा नाही. कोल्ड्रिफच्या बाबतीत तर ‘कंपनीला परत पाठवा’ या नेहमीच्या वाक्याला अर्थच उरला नव्हता, कारण कारखान्यालाच टाळे लागले होते. म्हणून एफडीएच्या सूचनेत साठ्याची माहिती अधिकाऱ्यांना द्या असे सांगितले होते, ते योग्यच होते.

तिसरे काम सर्वात कष्टाचे : हा माल आपण कोणाकोणाला दिला, त्या प्रत्येकाला गाठणे. यासाठी कायद्याने एक सोय आधीच करून ठेवली आहे. औषधांच्या घाऊक विक्रीच्या बिलावर खरेदीदाराचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, औषधाचे नाव, संख्या आणि बॅच क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे, आणि ही बिले तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. बिलावरचा बॅच क्रमांक ही अनेकांना नुसती कटकट वाटते. तिचा खरा उपयोग अशा दिवशी कळतो. बॅच टाकली की दुकानांची यादी दोन मिनिटांत समोर यायला हवी.

यादीतल्या प्रत्येक दुकानाला फोन करायचा, लेखी सूचना पाठवायची आणि प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात सूचना टाकून दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे दुकानदाराने फळी तपासली असे होत नाही. उत्तर आकड्यात हवे : किती बाटल्या घेतल्या, किती शिल्लक आहेत, किती विकल्या. शिल्लक शून्य असेल तर ‘शून्य’ असे लिहून हवे. गप्प राहिलेले दुकान म्हणजे माल नसलेले दुकान नव्हे.

हिशेब जुळतो का?

एक कल्पित उदाहरण घेऊ. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एक वितरक आहे. त्याच्याकडे सदोष बॅचच्या २०० बाटल्या आल्या होत्या. सूचना आली तेव्हा ४६ बाटल्या गोदामात सापडल्या. उरलेल्या १५४ बाटल्या नऊ दुकानांना दिल्याचे बिलांवरून दिसले.

सोमवारी दुपारपर्यंत आठ दुकानांचे उत्तर आले. नववा दुकानदार लग्नाला परगावी गेला होता, त्याचे दुकान बंद होते. वितरकाने संध्याकाळी शेजारच्याकडून त्याचा दुसरा नंबर मिळवला आणि मंगळवारी सकाळी दुकान उघडून घेतले. नऊ दुकानांत मिळून १०८ बाटल्या फळीवर मिळाल्या. ३ फुटल्याचे सांगण्यात आले, आणि ४३ बाटल्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या होत्या. १०८, ३ आणि ४३ यांची बेरीज १५४. इथपर्यंत हिशेब जुळला.

आता ४३ घरांचा शोध. काही दुकानदारांना गिऱ्हाइके ओळखीची होती, काहींकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नाव सापडले. १९ बाटल्या परत आल्या. २४ बाटल्यांचा पत्ता लागला नाही.

हा अहवाल दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार : २०० पैकी १७६ बाटल्यांचा हिशेब लागला, म्हणजे ८८ टक्के काम फत्ते. दुसरा प्रकार : २४ बाटल्या २४ घरांत आहेत आणि यातली प्रत्येक बाटली आज रात्री एखाद्या मुलाला दिली जाऊ शकते. दोन्ही वाक्यांत आकडे तेच आहेत. पण पहिले वाक्य वाचून अधिकारी फाइल मिटतो, दुसरे वाचून आशा सेविकेला घरोघर पाठवतो, गावात दवंडी देतो, स्थानिक डॉक्टरांना फोन करतो. म्हणून वितरकाच्या अहवालात टक्केवारीच्या आधी उरलेली संख्या आणि त्या बाटल्या कोणत्या दुकानांतून गेल्या, त्या दुकानांची नावे यायला हवीत. फुटलेल्या तीन बाटल्यांचाही पुरावा मागायला हवा. ‘फुटल्या’ हा शब्द हिशेबातली भोके बुजवायला फार सोयीचा असतो.

धोक्याचे कारण स्पष्ट लिहावे का?

या प्रश्नाचे उत्तर याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत दिले आहे. तिथल्या टेनेसी राज्यातील मॅसेनगिल या कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात बाजारात आणले. ते विरघळवण्यासाठी वापरले डायएथिलीन ग्लायकॉल. चव, रंग, वास तपासले गेले, विषारीपणा तपासला गेला नाही.

मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्यावर कंपनीने विक्रेत्यांना, औषध दुकानांना आणि डॉक्टरांना हजाराहून अधिक तारा पाठवल्या. पण त्या तारांत फक्त औषध परत पाठवा एवढेच होते. ते जिवाला घातक असू शकते, याचा उल्लेख नव्हता. ज्याला अशी तार मिळेल त्याला वाटणार, काही हिशेबाची भानगड असेल, करू सावकाश. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हट्ट धरल्यावर कंपनीने दुसऱ्या तारा पाठवल्या. त्यांत औषध जिवाला धोकादायक असू शकते, ते ताबडतोब परत घ्या आणि परत पाठवण्याचा खर्च आमचा, असे स्पष्ट म्हटले.

त्या प्रशासनाचे जवळपास सगळे निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ त्यानंतर बाटल्यांच्या शोधात देशभर फिरले. काही दुकानांत विक्रीच्या नोंदीत रुग्णाचे पूर्ण नाव वा पत्ता नव्हता, त्यामुळे घर शोधायला अंदाजाचाच आधार घ्यावा लागला. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी २३४ गॅलनहून थोडे अधिक औषध परत मिळवण्यात आले. म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के. उरलेल्या सुमारे सहा गॅलनांनी शंभराहून अधिक बळी घेतले. वरच्या उदाहरणातल्या ८८ टक्क्यांकडे आता पुन्हा एकदा पाहावे.

आपल्यालाही हे विष नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती.

तेव्हा सूचनेत ‘गुणवत्तेच्या कारणास्तव’ असे गुळमुळीत लिहिणे म्हणजे निम्मी सूचना खोडून टाकणे. दुकानदार रोज दहा कंपन्यांची परिपत्रके पाहतो. कोणते आज पाहायचे आणि कोणते शनिवारी, हे तो पहिल्या ओळीवरून ठरवतो. म्हणून पहिल्या ओळीत औषध, बॅच आणि धोका. दुसऱ्या ओळीत काय करायचे. आणि नंतर बाकीचे, असा क्रम असला पाहिजे. खर्च कोण सोसणार हेही लिहायला हवे. माल थांबवला तर पैसे बुडतील, ही भीती असली की छोटा दुकानदार ‘माझ्याकडे शिल्लक नाही’ असे सांगून मोकळा होतो.

संपर्क क्रमांकाचे काम काय?

सूचनेच्या तळाशी असलेला क्रमांक बहुतेकांना उपचार वाटतो. प्रत्यक्षात सूचना कितीही नीट लिहिली तरी काही प्रश्न तिच्यात मावत नाहीत. लेबल ओले होऊन क्रमांक पुसला आहे, काय करू? माझ्याकडे तीच कंपनी आहे, बॅच वेगळी आहे, विकू का? एका गिऱ्हाइकाने अर्धी बाटली मुलाला दिली आहे, त्याला काय सांगू? या प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर मिळाले नाही, तर दुकानदार स्वतःच्या अंदाजाने वागतो.

महाराष्ट्र एफडीएचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ हा आहे आणि ५ ऑक्टोबरच्या सूचनेतही तोच दिला होता. क्रमांक देणे ही अर्धी गोष्ट झाली. तो रविवारी रात्री उचलणारा माणूस, त्याच्यासमोर बॅचची माहिती आणि उत्तर देण्याचा अधिकार, ही उरलेली अर्धी. कंपनीने दिलेल्या संपर्काबाबतही हेच. तिथे कार्यालयाचा सामाईक क्रमांक आणि ‘सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा’ असे असेल, तर ७२ तासांच्या मुदतीला काय अर्थ राहतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक दुकानदाराला पाठ असायला हवे. ज्या मुलाने असे औषध घेतले आहे, त्याला लघवी कमी होणे, उलट्या, पोटदुखी, सुस्ती यांपैकी काही दिसो वा न दिसो, बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्यायचे. पहिल्या दिवसांत ही लक्षणे साध्या आजारासारखीच दिसतात, म्हणून थांबून पाहणे धोक्याचे.

साखळी कुठे तुटते?

कारखान्यापासून वितरकापर्यंत आणि वितरकापासून दुकानापर्यंत बॅचची नोंद कागदावर असते. तुटते ती दुकानाच्या काउंटरवर. सर्दीचे सिरप घेताना बिल कोणी मागत नाही, दुकानदार देत नाही, आणि दिले तर त्यावर नावाच्या जागी ‘रोख’ असे लिहिलेले असते. वरच्या उदाहरणातल्या २४ बाटल्या इथेच हरवल्या.

दुसरी फट आहे एका वितरकाने दुसऱ्याला माल देण्याची. माल कमी पडला की शेजारच्या वितरकाकडून दोन खोकी उसनी आणली जातात आणि बिल नंतर, कधी दुसऱ्याच बॅचचे, बनते. नेहमीच्या दिवसांत याचे काही बिघडत नाही. सूचनेच्या दिवशी मात्र यादीत नसलेली दहा दुकाने तयार होतात आणि त्यांना कोणी फोन करत नाही. आपली व्यवस्था कुठे फुटते हे आधीच पाहायचे, तर वर्षातून एकदा चाचणी घेता येते. एखादी जुनी बॅच निवडायची आणि तिच्या किती बाटल्या कुठे गेल्या याचा हिशेब २४ तासांत लागतो का ते पाहायचे. कोणालाही धोका नसताना ही तालीम केली, तर उसनवारीचा घोळ आणि अर्धवट बिले तेव्हाच उघडी पडतात.

सरकारने ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. त्या कोडमध्ये उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. ही सोय मुलांच्या सर्व पातळ औषधांना लावली आणि दुकानाच्या बिलिंग यंत्राने तो कोड वाचल्याशिवाय बिल बनू दिले नाही, तर रोखलेली बॅच काउंटरवरच अडेल. बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाइल क्रमांक असेल, तर विकून झालेल्या बाटलीपर्यंतही पोहोचता येईल. यासाठी नवा कायदा लागेल असे नाही. एफडीए आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी एकत्र बसून सुरुवात मुलांच्या सिरपपासून केली तरी पुष्कळ होईल.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. मुलाचे औषध घेताना बिल मागायचे आणि त्यावर बॅच क्रमांक आहे का ते पाहायचे. बाटली संपेपर्यंत डबी फेकायची नाही. अशी सूचना मोबाइलवर आली, तर पुढे पाठवण्याआधी स्वयंपाकघरातल्या औषधांच्या डब्यातली बाटली काढून तिच्यावरचा क्रमांक वाचायचा. जुळला, तर ती ओतून टाकायची नाही. झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवायची आणि दुकानदाराला किंवा एफडीएच्या क्रमांकावर कळवायचे. वितरकाच्या हिशेबातली एक हरवलेली बाटली तेवढ्याने सापडते.